खोबरं भाजतंय, पण वास येत नाही

*डॉक्टर, मी घरगुती मसाले करून विकते. गोडा मसाला, मालवणी मसाला, मेतकूट. श्रावणात सर्दी-ताप आला, चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्याला आता साडेतीन महिने झाले. आधी काहीच कळत नव्हतं. गेले तीन आठवडे मात्र कांदा परतला किंवा कॉफी उकळली की गटारासारखा, जळक्या रबरासारखा वास येतो. फोडणीजवळ उभं राहवत नाही. पाच किलो वजन उतरलंय. खोबरं खरपूस झालं की करपलं हे मुलीला विचारावं लागतं. घरच्यांना हे माझ्या मनाचे खेळ वाटतात. नाकात मारायचा स्प्रे झाला, फरक नाही. नणंद ओवा-कापराची पुरचुंडी हुंगायला सांगते, आणि तिचा गारवा मला खरंच जाणवतो. चार बाटल्या हुंगायचा सराव असतो म्हणे. तो कसा करायचा, किती दिवस? की धंदा आवरता घेऊ?*

*– एक वाचक, चिपळूण*

ताई,

धंदा आवरता घेऊ नका. आणि ज्या घाण वासाने तुम्ही हैराण आहात, तो मला तुमच्या पत्रातला त्यातल्या त्यात बरा भाग वाटला. रागावू नका, कारण सांगते.

आपण ज्याला नाक म्हणतो त्याचा बहुतेक भाग हवा गरम आणि ओली करून आत सोडण्यासाठी आहे. वास ओळखणारी जागा अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला चिकटलेली असते. दोन्ही बाजूंना जेमतेम टपाल तिकिटाएवढी. तिथल्या चेतापेशींचे बारीक धागे डोक्याच्या हाडातल्या चाळणीसारख्या भोकांमधून थेट मेंदूकडे जातात. काही विषाणू या पेशींचं नुकसान करतात. कोविडचा विषाणू मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो आणि त्या कोलमडल्या की चेतापेशींचंही काम बंद पडतं. तुम्हाला नेमका कोणता विषाणू झाला होता हे आता शोधून काही हाती लागणार नाही. उपचार तोच राहतो.

वासाच्या या पेशींची एक खासियत आहे. आपल्या बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की गेल्या, पण इथे तळाशी बीजासारख्या पेशी असतात आणि त्यांतून नव्या चेतापेशी तयार होत राहतात. या नव्या पेशीला आपला धागा चाळणीतून वर चढवून मेंदूतल्या ठरलेल्या जागी जोडायचा असतो. माणसात या पेशींवर वासाचे रेणू पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि प्रत्येक प्रकाराच्या धाग्यांची मेंदूतली जागा वेगळी. कॉफीचा वास म्हणजे एक वस्तू नाही, शेकडो रेणू आहेत. त्यांतल्या कशाने कोणता ग्राहक किती जागा होतो, यावरून मेंदू ‘कॉफी’ असं नाव देतो.

जुन्या टेलिफोनच्या दिवसांत पावसाळ्यात जमिनीखालची केबल तुटायची ते आठवतंय? लाइनमन खड्डा खणून तारांच्या जोड्या पुन्हा जोडायचा आणि मग आठवडाभर आपण मावशीला लावलेला फोन भलत्याच्या घरी वाजायचा. क्रॉस कनेक्शन. तुमच्या नाकात आत्ता तेच चाललं असावं. पहिले दोन-तीन महिने लाइन पूर्ण बंद होती. आता काही तारा जोडल्या गेल्यात, काही अजून लोंबकळतायत, काही चुकीच्या जागी बसल्यात. कॉफीतल्या शेकडो रेणूंपैकी थोडेच मेंदूपर्यंत पोचतात आणि त्या अर्धवट निरोपाचा अर्थ मेंदू ‘सडलंय, जळलंय, लांब हो’ असा लावतो. वैद्यकीय भाषेत याला पॅरॉस्मिया म्हणतात. तो आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. बंद लाइनवर राँग नंबर लागत नाही. वाजतंय, म्हणजे आत काहीतरी जोडलं जातंय. अशा रुग्णांमध्ये सरावाने सुधारणा होण्याचं प्रमाणही जास्त दिसतं.

घरच्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ‘मनाचे खेळ’ हे वाक्य मी माझ्या खोलीत फार वेळा ऐकलंय. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉफीच्या वाफेतले रेणू यंत्राने एकेक करून वेगळे केले आणि पॅरॉस्मिया झालेल्या लोकांना ते एकामागून एक हुंगायला दिले. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी वारंवार त्याच मोजक्या रेणूंपाशी नाक मुरडलं. त्यात सर्वांत वर होता तो भाजक्या कॉफीला तिचा खमंगपणा देणारा, गंधक असलेला एक रेणू. तुम्हाआम्हाला हवाहवासा वाटणारा तोच वास त्यांना किळसवाणा वाटत होता. मनाचे खेळ असते तर सगळे एकाच जागी अडले नसते. असे रेणू नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतात, आणि ते भाजण्यातून, तळण्यातून, कांद्या-लसणातून, अंड्या-मटणातून येतात. ताई, भाजणं आणि परतणं हाच तुमचा व्यवसाय. म्हणजे जे नाकाला सर्वांत जास्त छळणार, त्याच्यासमोर तुम्ही दिवसभर उभ्या असता.

आता ओवा-कापूर. पुरचुंडीचा गारवा तुम्हाला जाणवतो हे खरं, पण तो वास नव्हे. नाकात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक वासाची आणि दुसरी झोंबण्याची. मिरचीचा ठसका, कांदा चिरताना डोळ्यांतलं पाणी, पुदिन्याचा गारवा, कापराची झणझण हे सगळं चेहऱ्याच्या संवेदनांची जी नस असते, ट्रायजेमिनल, तिच्यातून कळतं. तिला बहुधा धक्का लागलेला नसतो. म्हणून पूर्ण वास गेलेला माणूसही बामाची डबी उघडून म्हणतो, ‘हा वास येतो मला!’ खात्री करायची असेल तर डोळे मिटा आणि मुलीला कापूर, पुदिना आणि नीलगिरीचं तेल पाळीपाळीने नाकासमोर धरायला सांगा. ‘गार आहे’ एवढंच सांगता आलं आणि तिन्हींत फरक करता आला नाही, तर ती नस बोलतेय, नाक नाही. पुरचुंडीने वास परत येत नाही. जोरात हुंगून आतलं अस्तर मात्र चुरचुरतं. आणि घरात लहान मूल असेल तर कापूर त्याच्या हाती लागू देऊ नका. तो पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात.

चार बाटल्यांचा सराव जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथले थॉमस हुमेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली मांडला. त्यांनी ५६ रुग्ण घेतले. त्यांतल्या ४० जणांनी रोज दोन वेळा चार वास हुंगले, १६ जणांनी काहीच केलं नाही. १२ आठवड्यांनी सराव करणाऱ्यांच्या नाकांत सुधारणा मोजता आली, इतरांच्यात नाही. वास होते गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी. हे चारच का? त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं हान्स हेनिंग नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वासांचे मूळ गट पाडले होते. फुलांचा, फळांचा, मसाल्याचा, राळेसारखा वगैरे. त्या गटांतून एकेक उचलला. या चारांत जादू नाही. एकमेकांपासून लांबचे आणि तुमच्या ओळखीचे वास असावेत, एवढंच.

साहित्य तुम्हाला चिपळुणात मिळेल. लवंगेचं आणि नीलगिरीचं तेल औषधाच्या दुकानात मिळतं. लिंबासाठी लिंबाच्या सालीचं तेल घ्या, नाही मिळालं तर गवती चहाचं. गुलाबजल कामाचं नाही, फार पातळ असतं. गुलाबाचं अत्तर घ्या, महागडं नको. त्या जर्मन अभ्यासात गुलाब म्हणून जो रेणू वापरला होता, तो साध्या गुलाबी अत्तरांतही वापरला जातो. अगरबत्ती चालणार नाही, तिच्या धुराने नाक चुरचुरेल. गडद काचेच्या रुंद तोंडाच्या चार छोट्या बाटल्या घ्या. प्रत्येकीच्या तळाशी कापसाचा बोळा ठेवा, त्यावर एका तेलाचे वीसेक थेंब टाका, म्हणजे साधारण १ मिलीलिटर, आणि बाहेर नाव लिहा. तेल नाकाला किंवा त्वचेला लावायचं नाही. नीलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषारी असतं, तेव्हा बाटल्या फडताळात वर ठेवा. दमा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी बसायचं. स्वयंपाकघरात नको, तिथे दहा वास आधीच असतात. बाटली उघडून नाकाखाली दोन बोटांच्या अंतरावर धरायची आणि १५-२० सेकंद हळूहळू, छोटे छोटे श्वास घेत हुंगायचं. ससा गवत हुंगतो तसं. लोक इथेच चुकतात. वास येत नाही म्हणून छाती भरून ओढतात, मग नाक झोंबतं आणि त्या झोंबण्यालाच वास समजतात. एक झाली की झाकण लावायचं, २० सेकंद साधा श्वास घ्यायचा, मग दुसरी. चार बाटल्यांना तीन मिनिटं पुरतात.

हुंगण्याच्या त्या १५-२० सेकंदांत मन कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे. लवंगेची बाटली हातात असताना बाटलीवरचं नाव वाचा आणि तुमच्या मसाल्याच्या डब्यातली लवंग आठवा. तेलात टाकल्यावर फुगते ती, दात दुखताना आईने दाढेत धरायला दिलेली, जी आठवेल ती. मेंदूत लवंगेचं जुनं चित्र अजून आहे. बाहेरून येणारा निरोप अर्धवट आहे. दोन्ही एकाच वेळी समोर आले तर मेंदूला जोडणी सुधारायला वाव मिळतो असं आम्ही समजतो. टीव्ही बघत बाटल्या फिरवणारे रुग्ण मी बघितलेत. सहा महिन्यांनी ते म्हणतात, ‘सराव केला, काही झालं नाही.’

एखादी बाटली सहन न होण्याइतकी घाण वाटायला लागली तर ती फूटभर लांब धरा. तरीही मळमळलं तर तिच्याऐवजी दुसरा वास घ्या. कॉफी आणि परतलेला कांदा मुद्दाम हुंगून ‘सवय’ करू नका, त्याने अन्नावरची वासना मात्र उडते.

आणि वही ठेवा. रोज नको, रोज लिहिलं की माणूस बाटलीपेक्षा आकड्यांकडे जास्त बघतो. दर रविवारी पुरे. प्रत्येक बाटलीपुढे ० ते १० मधला आकडा आणि एक वाक्य, काय जाणवलं ते.

माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे, त्यांची वही मला जवळजवळ पाठ आहे. फ्लूनंतर दहा आठवड्यांनी त्यांनी सुरुवात केली. जुन्या सवयीने रकाने आखून आणले होते. पहिला रविवार: गुलाब ०, लिंबू ०, लवंग १, नीलगिरी ४. मी नीलगिरीच्या ४ वर काट मारली. ‘हा गारवा आहे, लवंगेचा १ सुद्धा चुरचुर असेल,’ म्हटलं. ते थोडे दुखावले, कारण तेवढाच एक आकडा त्यांच्या बाजूचा होता. पुढचे पाच रविवार सगळी शून्यं. सहाव्याला त्यांनी लिहिलं होतं, ‘टपाल आले नाही.’ सातव्या आठवड्यात लवंगेपुढे २ आणि वाक्य: ‘काहीतरी आहे. लवंग नाही. ओला पुठ्ठा.’ मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. ओला पुठ्ठा म्हणजे झोंबणं नव्हे, तो वासच होता, फक्त चुकीच्या पत्त्यावर पोचलेला. दहाव्या आठवड्यात लिंबू आलं ते साबणासारखं. चौदाव्यात तुमच्यासारखाच त्रास सुरू झाला, सकाळची कॉफी ओतून द्यावी लागली, आणि ते सराव सोडायला निघाले. गुलाब अजून शून्यावरच होता.

तेव्हा आम्ही एक परीक्षा ठरवली. ती तुम्हीही घरी करू शकता. महिन्यातून एकदा त्यांच्या पत्नी बाटल्यांना कागद गुंडाळून, क्रम बदलून, एकूण १२ वेळा समोर धरायच्या आणि ते नाव सांगायचे. चार बाटल्यांत नुसत्या अंदाजाने माणूस १२ पैकी ३ वेळा बरोबर येतो. चौथ्या महिन्यात त्यांचे ४ आले, म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. सहाव्यात ६. आठव्यात ९. मधल्या काळात वहीतले आकडे वरखाली होत होते, सर्दी झाली की दोन आठवडे मागे जात होते. पण ही परीक्षा चढती होती. सहाव्या महिन्यात एकदा जिन्यावरून जाताना शेजारणीच्या गजऱ्यातला मोगरा त्यांना क्षणभर आला. परत फिरून पुन्हा हुंगला तर नाही. ही अशी वीज चमकल्यासारखी येण्याची गोष्ट बहुतेक रुग्ण सांगतात. वर्ष झालं तेव्हा गुलाब ५ वर होता, कॉफी पिता येत होती, पण तिचा वास ‘पूर्वीचा नाही’ असं ते अजून म्हणतात. पूर्ण पूर्वीसारखं झालं नाही. हेही तुम्हाला माहीत असावं.

किती दिवस, याचं उत्तर यातच आलं. १२ आठवडे ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २०१६ साली, विषाणूमुळे वास गेलेल्या रुग्णांतच, १६ आठवडे सराव करणारे आणि ५६ आठवडे करणारे यांची तुलना केली. जास्त काळ करणाऱ्यांना जास्त फायदा झाला. तुम्ही निदान सहा ते नऊ महिने धरून चाला. दोन महिने शून्य दिसलं तर तो सरावाचा पराभव नाही. धागा वाढून वर पोचायलाच तेवढा वेळ लागतो. आणि खरं सांगायचं तर या काळात काहींचा वास आपोआपही सुधारतो. तुमचा कशाने सुधारला हे एका माणसाच्या बाबतीत कोणालाच सांगता येत नाही. सरावाचा खर्च आणि धोका इतका कमी आहे की मी ती चर्चा रुग्णाशी फारशी करत नाही.

तीन महिन्यांनी बाटल्या बदला. इस्तंबूलमधल्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवलं की दर १२ आठवड्यांनी वास बदलणाऱ्यांची प्रगती तेच चार हुंगणाऱ्यांपेक्षा बरी होते. त्यांचा दुसरा संच होता मेंथॉल, थाइम, संत्र्याच्या जातीचं फळ आणि जाई-मोगऱ्याच्या जातीचं फूल. थाइम आपल्याकडे शोधत बसू नका. त्याच्या वासातला मुख्य रेणू थायमॉल, आणि तोच आपल्या ओव्यात भरपूर असतो. नणंदेचा ओवा इथे उपयोगी पडेल, फक्त कापूर काढून आणि हातावर जरा चुरडून. मेंथॉलच्या गारव्याला मात्र गुण द्यायचे नाहीत. त्यांच्या तिसऱ्या संचात हिरवा चहा, बर्गमॉट, रोजमेरी आणि गार्डेनिया होतं. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत. परसात अनंताचं झाड असेल तर तेल आणायचं कारण नाही, ताजं फूल बाटलीत टाका, रोज नवं. तुमच्या धंद्यासाठी मी एक बदल सुचवते: तिसऱ्या संचात धणे, दगडफूल आणि वेलची घ्या. कच्चे, भाजलेले नव्हेत, आणि जरा कुटून, कारण अख्ख्या धण्यातून वास फारसा सुटत नाही. चौथा अनंत.

तेलं मंदावतात, लिंबाचं सर्वांत आधी. दर महिन्याला थेंब नवे घाला आणि पंधरवड्याने मुलीला चारही हुंगायला द्या. एक बाई ‘लिंबू परत गेलं’ म्हणून रडत आल्या होत्या. बाटली मी हुंगली, तर तिच्यात काहीच उरलं नव्हतं.

खाण्याचं आजपासून बघा, पाच किलो थोडं नाही. गरम वाफेबरोबर हे रेणू उडतात आणि घशामागून नाकात चढतात, म्हणून अन्न कोमट किंवा गार खा. चातुर्मासात कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक होतो, तोच सध्या तुमचा. दहीभात, काकडीची कोशिंबीर, मुगाचं वरण फोडणीशिवाय, उकडलेले शेंगदाणे (भाजलेले नकोत), पनीर, फळं. अंडं बहुतेकांना सहन होत नाही. जीभ शाबूत आहे, तिला आंबट, खारट, गोड, कडू कळतं, तेव्हा लिंबू, आमसूल, चिंच हात सैल सोडून वापरा. मीठ आणि साखर मात्र मोजून घाला. चव लागत नाही म्हणून लोक दोन्ही वाढवत जातात आणि रक्तदाब, मधुमेह असेल तर ते महागात पडतं. फोडणी महिनाभर दुसऱ्या कोणीतरी द्यावी, दारं-खिडक्या उघडून. वजन अजून उतरत राहिलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि गॅस. हे मी पत्राच्या मध्येच लिहितेय, पण आज संध्याकाळी करायचं काम हेच. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी घातलेली असते. ती तुम्हाला सध्या कळणार नाही, आणि तुम्ही दिवसभर शेगडीजवळ. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून गळती ओळखणारं यंत्र शेगडीजवळच्या भिंतीवर खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. काम संपलं की रेग्युलेटर बंद करायचा, अपवाद नाही. नळी जुनी असेल तर बदला. शंका आली तर दिव्याचं बटण दाबू नका, दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. दूध आणि उरलेलं अन्न नासलंय का हे हुंगून ठरवणं बंद, डब्यावर तारीख चिकटवा.

औषधांबद्दल थोडक्यात. तुमचा स्प्रे बहुधा स्टिरॉइडचा असेल. ॲलर्जी किंवा नाकात सूज असेल तर तो उपयोगी, पण फवारा वरच्या त्या टपाल तिकिटापर्यंत फारसा पोचत नाही, म्हणून फरक पडला नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. झिंकच्या गोळ्यांचा, शरीरात त्याची कमतरता नसेल तर, उपयोग दिसलेला नाही. नाकात मोहरीचं तेल, तूप, लसणाचा रस यांतलं काहीही नको.

एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या, अजून झालं नसेल तर. वास एकाच नाकपुडीचा गेला असेल, नाकातून रक्त येत असेल, एक बाजू कायम बंद असेल, किंवा डोक्याला मार लागला होता असं आठवत असेल, तर त्यासाठी महिनाभरसुद्धा थांबू नका. हा सराव अशा कारणांवरचा इलाज नाही.

राहिला धंदा. खोबरं नाकाने नाही तर काय, असं तुम्हाला वाटत असेल, पण तुमच्याकडे डोळे, कान आणि घड्याळ आहे. एकदा मुलीला बाजूला उभं करून घाणा नेहमीच्या आचेवर भाजा आणि तिला ‘आता’ म्हणू दे. त्या क्षणी मिनिटं लिहा, त्या रंगाचं खोबरं बशीत काढून उजेडात फोटो काढा, तीळ तडतडायचे थांबले का ते ऐका. वजन, कढई आणि आच रोज तीच ठेवली तर घड्याळ तुम्हाला फार फसवणार नाही. एका वेळचं प्रमाण लहान करा, म्हणजे करपलं तरी नुकसान थोडं. शेवटची पसंती मुलीच्या नाकाची, आणि प्रत्येक पाकिटाच्या घाण्याचा नंबर वहीत.

नाकावर पुन्हा भरवसा कधी ठेवायचा हे मनाने ठरवू नका, त्याचीही परीक्षा घ्या. मात्र कांद्या-कॉफीची घाण ओसरल्याशिवाय नको. मुलीने खोबऱ्याच्या तीन वाट्या कराव्यात, एक कच्चट, एक बरोबर भाजलेली, एक जरा करपलेली, सगळ्या गार झालेल्या. तुम्ही डोळे बांधून बसा आणि तिने क्रम बदलत १२ वेळा नाकासमोर धराव्यात. अंदाजाने ४ येतील. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत दोन्ही वेळा १० किंवा जास्त बरोबर आले, तर खोबऱ्यापुरती मुलीला सुट्टी द्या. दगडफुलाची परीक्षा वेगळी घ्यावी लागेल, ते बहुधा सर्वांत शेवटी येईल.